दसऱ्याला चमकवलेले बूट

स्टोअरच्या खिडकीशी कोणी आलं की मी आधी त्याच्या पायांकडे बघते, तोंडाकडे नंतर. ही सवय वाईट आहे, मला ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीतही माझी नजर आधी चपलांवर जाते आणि नवरा कोपराने ढोसतो. पण वरठीजवळच्या तारेच्या कारखान्यात जिने इतकी वर्षं हातमोजे, चष्मे, एप्रन आणि बूट वाटले, तिचं दुसरं काय होणार? मोहाडीहून स्कूटर हाकत यायचं, खिडकी उघडायची आणि दिवसभर लोकांशी भांडायचं, असं माझं काम. भांडण मला आवडतं हेही सांगून टाकते.

भांडणाचा मुख्य विषय बूट. लोकांना वाटतं, बूट म्हणजे बूट. यंत्रखात्यातला माणूस लोखंडी टोपीचा चामडी बूट घालून फिरतो. पायावर जड वस्तू पडली तर तो बूट बोटं वाचवतो. पण तोच बूट घालून अॅसिडखात्यात गेलं, की चामडं अॅसिड पितं आणि प्यायलेलं अॅसिड पायाशी धरून ठेवतं. तिकडे पीव्हीसीचे गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट लागतात. त्यांनाही तेल, डिझेल, ग्रीस फार दिवस सोसत नाही. जिथे दोन्ही असतं तिथे पीव्हीसीत नायट्राइल रबर मिसळलेले बूट घ्यावेत. सगळ्याला चालेल असा बूट अजून कोणी बनवलेला नाही. हे मी खिडकीतून रोज सांगते आणि लोक रोज म्हणतात, "मॅडम, नंबर आठ द्या न."

अॅसिडखातं म्हणजे आमच्या कारखान्यातलं सगळ्यात आंबट ठिकाण. तिथे तारेची वेटोळी अॅसिडच्या टाक्यांत बुडवून त्यांचा गंज काढतात. वेटोळं वर उचललं की ते थोडं ठिबकतंच. ते ठिबकलेलं धुणारी आमची सफाईची टोळी. आधी चुना भुरभुरायचा, तो फसफसून शांत झाला की पाण्याने धुऊन नालीत लोटायचं. अख्खी पाळी त्या ओल्यात उभं राहायचं, तेव्हा पाय आणि अॅसिड यांच्या मध्ये एवढा एक बूटच असतो.

टोळीची मुकादम एक काकू आहेत. आवाज असा, की टाकीवरचा क्रेनवाला भोंगा वाजवायच्या ऐवजी त्यांनाच हाक मारायला सांगतो. आणि टोळीत एक होता दंडारवाला. चाळिशी ओलांडलेला, उंच, पायाने मोठा. आंबागडच्या गडाखालच्या गावातून मोटारसायकलने यायचा. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि दंडार नाचते. ढोलकी, टाळ, पायात घुंगरू, आणि पुरुषांची रांग. हा माणूस लहानपणापासून त्या रांगेत नाचत आलेला, पण कायम मधे कुठेतरी. पुढे नाचणाऱ्या म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि त्या वर्षी पहिल्यांदा गावाने याला रांगेच्या पुढे उभं केलं. हे त्याने कारखान्यात इतक्या जणांना सांगितलं होतं, की वॉचमनलाही मंडईची तारीख पाठ होती.

तर दसरा आला. दसऱ्याला प्रत्येक खातं आपापलं हत्यार पुजतं. यंत्रांना झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू, ट्रकांना लिंबू. सफाईची टोळी झाडू, पोछे, पाण्याचा पाइप, ढकलगाडी आणि आपले बूट पुजते. पायात घालायची वस्तू कशी पुजायची, असं एका नव्या साहेबांनी एकदा विचारलं होतं. काकूंनी त्यांना विचारलं, "तुमी अॅसिडात चपलेवर उभे राह्यता का जी?" तेव्हापासून कोणी विचारत नाही.

बाकीच्यांनी आपापले बूट साबणाच्या पाण्याने धुतले. दंडारवाल्याला ते पुरेना. त्याच्या बुटांवर रंगाचे आणि ग्रीसचे जुने डाग होते. रंगखात्यात ब्रश धुऊन उरलेलं थिनर एका कापलेल्या डब्यात ठेवलेलं असतं. याने आपले बूट त्यात घोट्याच्या वरपर्यंत बुडतील असे उभे केले, सकाळच्या चहापासून सुट्टी होईपर्यंत. मग पुसून पत्र्यावर उन्हात वाळवले आणि वरून खोबरेल तेल चोळलं. पूजेच्या दिवशी ते काळे बूट असे चमकत होते, की आपट्याची पानं देताना मीही म्हणाले, "भाऊ, हे तर शोरूममधून आणल्यासारखे दिसतात!" थिनरचं तेव्हा मला माहीत नव्हतं, नाहीतर दसऱ्याच्या मुहूर्तावर मी त्याला सोनं दिलं नसतं, शिव्या दिल्या असत्या.

"अन् मऊ किती झाले, पाहा न मॅडम," तो म्हणाला. "लोण्यावानी. पायाले लागतच नाही."

त्या दिवशी ते मऊच होते, तो खोटं बोलत नव्हता. पण पुढच्या आठवड्यात मी दुपारी खिडकीत बसून मोजे मोजत होते, तेव्हा व्हरांड्यातून आवाज आला. टक टक, टक टक. ओल्या फरशीवर गमबूट चालतो तेव्हा तो फतक फतक करतो, जरा आळशी. हा आवाज लाकडी खडावांचा होता. मी मान बाहेर काढली, तर दंडारवाला पाइप खांद्यावर टाकून एक पाय आपटत, गिरकी घेत येत होता आणि मागून दोघी बाया हसून वाकल्या होत्या.

"काय चाललंय भाऊ?"

"ठेका बसवून राहिलो जी. बूट असे कडक झाले का, आपोआप वाजते. देवानंच देल्लं समजा."

देवाने कशाला देईल, मी मनात म्हटलं. "काढा तो बूट. इकडे द्या."

"काहून?"

"काढा म्हणते ना!"

त्याने काढला. मी घोट्याजवळ, चालताना जिथे बूट रोज दुमडतो, तिथे वाकवून बघितला. चांगला पीव्हीसी वाकतो आणि सोडला की परत येतो. हा वाकायलाच तयार नव्हता. जोर लावला तेव्हा चमकत्या काळ्या अंगावर बारीक बारीक रेषा उघडल्या, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, दुसरं काय! मी विचारलं, कशाने धुतलात? तो मोठ्या कौतुकाने सांगायला लागला आणि थिनरचं नाव ऐकल्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकूसुद्धा धावत आल्या.

राग ओसरल्यावर मी त्याला नीट समजावलं. पीव्हीसी मुळात कडकच असतं, पाण्याच्या नळासारखं. बुटासाठी त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळून त्याला मऊ करतात. पोळीच्या कणकेत मोहन घालतो तसं. थिनर आत शिरलं की आधी बूट फुगतो आणि आणखी मऊ लागतो. मग थिनर उडून जातं आणि जाताना ते मोहनही घेऊन जातं. मागे उरतो तो ठिसूळ, कडक सांगाडा. त्यावर वरून ऊन. हा बूट आता बूट राहिलेला नाही, बुटाचं सोंग आहे.

"दिसून तं नाही राहिलं कुठं भोक," तो म्हणाला.

म्हणून मी बादलीभर पाणी आणवलं. बूट घोट्याच्या वरपर्यंत भरला, बाहेरून कोरडा पुसला आणि वर्तमानपत्रावर ठेवून हाताने चार वेळा वाकवला. थोड्या वेळाने घोट्याच्या घडीवर दवासारखे थेंब आले आणि कागदावर एक गोल उमटला. दोघी बायांचं हसणं थांबलं. मी त्यांना म्हटलं, यात पाणी दिसलं म्हणून कळलं तरी. थिनर किंवा अॅसिड कधीकधी एकही भेग नसताना बुटाच्या अंगातून हळूहळू मुरत पलीकडे जातं आणि पायालाच पहिल्यांदा कळतं.

"मंग बूट टिकते तरी किती दिवस? एकदाचं सांगा न," काकू वैतागून म्हणाल्या.

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि कोणालाच माझं उत्तर आवडत नाही. बुटाला औषधासारखी ठरलेली मुदत नसते. अॅसिड किती जहाल, त्यात रोज किती वेळ उभे राहता, संध्याकाळी धुता की नाही, सावलीत वाळवता की पत्र्यावर, घडी घालून कोंबता की उभे ठेवता, यावर ते चालतं. एकाचा बूट वर्षभर टिकतो आणि दुसऱ्याचा दोन महिन्यांत जातो. रोज सकाळी वाकवून बघायचं, रंग उतरला का, फुगला का, कडक झाला का, चिकट झाला का. शंका आली की माझ्या खिडकीशी यायचं. मी शिव्या देते, पण बूटही देते.

इथेच माझी पंचाईत झाली. त्याच्या पायाचा नंबर अकरा. अनवाणी शेतात आणि दंडारीत वाढलेला पाय, पुढून पंख्यासारखा पसरलेला. त्या मापाचा पीव्हीसी-नायट्राइलचा जोड स्टोअरमध्ये नव्हता. नऊ नंबर घालून बघितला, तर बोटं आत दुमडून तो बगळ्यासारखा चालायला लागला. काकूंना आठवलं, माळ्यावर एक मोठा जोड आहे, कोऱ्या पिशवीत. खरंच होता. नैसर्गिक रबराचा, एकदाही पायात न गेलेला. दंडारवाला हरखला. "हे तं नवे करकरीत!"

मी तळ उलटा केला. बुटाच्या तळाला एक छोटं गोल घड्याळासारखं चिन्ह असतं, त्यात बाण महिना दाखवतो आणि मधे वर्ष. ते वर्ष बघून काकूंनी जीभ चावली. मी रबर बोटांनी ताणलं, तर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या. पत्र्याखालच्या माळ्यावर इतके उन्हाळे काढल्यावर रबर न वापरताही म्हातारं होतं. कोरं आणि नवं यात फरक आहे.

साहेबांना सांगितलं. आमचे सुरक्षेचे साहेब शहाणे आहेत, त्यांनी लगेच नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. अकरा नंबर मागवावा लागेल, आठवडा तरी जाईल, कदाचित जास्त. तोवर दंडारवाला अॅसिडखात्यात जाणार नाही, आवार झाडेल, असं साहेब म्हणाले आणि मी मान हलवली.

आणि त्याचं तोंड उतरलं. मला वाटलं, कामाची जागा बदलली म्हणून माणूस एवढा काय नाराज होतो? मग काकूंनी बाजूला घेऊन सांगितलं. अॅसिडखात्याची धुलाई सकाळच्या पाळीत होते आणि दुपारी संपते. त्यामुळे तो दुपारी सुटून मोटारसायकलने गावी पोहोचायचा आणि उजेड असेपर्यंत रांगेला शिकवायचा. आवारात झाडायला टाकलं की सुट्टी संध्याकाळी, म्हणजे गावी पोहोचेपर्यंत तालीम संपलेली. मंडई तोंडावर, आणि ज्याला पुढे उभं राहायचं तोच तालमीत नाही. गावातला एक जण आधीच म्हणून राहिला होता, "याले नाही जमत तं मी उभा राह्यतो." म्हणजे अॅसिडपासून पाय वाचवायला गेलं, तर ज्याच्यासाठी पाय हवेत तेच हातचं जात होतं.

मला वाईट वाटलं, पण मी काय करणार? मी म्हटलं, बूट इकडे जमा करा. आमच्याकडे नियम असा, की बाद झालेला बूट धुऊन, पंजाजवळ कापून, लाल पिंपात टाकायचा. न कापता दिला तर तो हमखास कोणाच्या तरी धानाच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, जातो. अॅसिड मुरलेला बूट घालून कोणाची बायको चिखलात रोवणी करते, असं मी एकदा बघितलं होतं, तेव्हापासून कात्री मी स्वतः धरते.

बूट त्याने छातीशी धरले. "हे नाही देत जी."

"का?"

"पूजा झाली न त्याची. दसऱ्याले पुजलेलं हत्यार मंडईच्या आधी कापतो का कोणी? यंदाच पहिल्यांदा पुढं उभा राहून राहिलो मी, अन् तुमी मले अपशकून करायले सांगता!"

तो बूट काखोटीला मारून निघून गेला. मी त्याला जाऊ दिलं, याचा मला नंतर रात्रभर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा आवाज अख्ख्या कारखान्यात घुमला. मी धावले. अॅसिडखात्याच्या दारात काकू दोन्ही हात पसरून उभ्या होत्या आणि समोर दंडारवाला. आवारातला झाडू भिंतीला लावून तो लवकर इकडे आला होता, धुलाई उरकून दुपारी निसटावं म्हणून. पायात तेच चमकते बूट. बुटाच्या तोंडातून खताच्या पोत्याच्या आतलं पांढरं प्लास्टिक डोकावत होतं. दोन्ही पाय प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याने वर बूट चढवले होते.

"आता तं आत नाही येत न?" तो मलाच समजावत होता. "बुटातून आलं तरी पन्नी हाय."

माझा आवाज काकूंच्याही वर गेला. "अहो, पन्नीला वरून तोंड आहे ना! शिवाय चालताना ती घोट्याशीच फाटते. एकदा आत गेलं की बाहेर यायला वाट नाही. पाय अॅसिडात लोणच्यासारखा मुरेल, आणि वरून तुम्हाला घामच वाटेल. कळेपर्यंत कातडी गेलेली!" मी त्याला तिथेच खाली बसवलं आणि बूट ओढून काढले. पाय सुखरूप होते, तो आत गेलाच नव्हता. पण ते मोठे, पसरट, टाचेला भेगा पडलेले पाय उघडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं की भीतीने, ते मला आजही सांगता येणार नाही. आरडाओरडा करणारी बाई रडायला लागली की पुरुष घाबरतात.

"मॅडम, मी काय करू सांगा," तो हळू म्हणाला. "पाय तं मलेही पाह्यजे. पण मंडई एकच दिवस येते."

तेव्हा काकू खाली बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या सहसा बसत नाहीत. त्यांनी ते बूट जवळ ओढले आणि त्यावरचं हळदकुंकवाचं वाळलेलं बोट बघितलं.

"अरे लेका," त्या म्हणाल्या, "गणपतीची पूजा करतेस न तू?"

"करतो."

"मंग त्याले घरी ठेवून घेतेस का वर्षभर? पूजा झालेल्याले आपण बोळवत असतो. वाजतगाजत बोळवतो. न बोळवता ठेवला तं तोच अपशकून. यानं पाय वाचवले तुये इतके दिवस. आता थकला. त्याले बोळवून दे न बाप्पा."

दंडारवाल्याने बुटावरचं वाळलेलं कुंकू अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाला, "वाजतगाजत?"

"वाजतगाजत," काकू म्हणाल्या. "अन् तालमीचं म्हणशील तं ऐक. हापिसची सफाई सकाळची हाय, दुपारी सुटते. तिथं तू जा नवे बूट येईपर्यंत. तुया जागी इथं मी उभी राह्यतो."

मुकादम झाल्यापासून काकूंनी हातात पाइप धरला नव्हता. ऑफिसच्या सफाईवाल्या बाईला अॅसिडखात्यात जा म्हणायचं तर तिने नाक मुरडलं असतं, म्हणून हा मार्ग आदल्या दिवशी कोणी काढलाच नव्हता. मी म्हटलं, काकू, तुमचे गुडघे? त्या म्हणाल्या, "माये गुडघे पाहू नका, माया नंबर पाहा. सहा हाय का?" सहा होता, अगदी ताजा, नायट्राइल मिसळलेला. मी तो त्यांना स्वतःच्या हाताने घालून दिला आणि विजार बुटाच्या आत न खोचता बाहेर घेतली, म्हणजे वरून ओघळलेलं आत जात नाही. काकू म्हणाल्या, "मले शिकवून राहिल्या," आणि हसल्या.

जेवणाच्या सुट्टीत बूट निघाले. आधी मी ते भरपूर पाण्याने धुऊन घेतले, मिरवणूक झाली तरी नियम नियम आहे. मग ढकलगाडीवर एक पोतं अंथरून त्यावर बूट उभे केले. कोणीतरी झेंडूची दसऱ्याची सुकलेली माळ शोधून आणली. यंत्रखात्याच्या पोरांनी रिकाम्या डब्यांची ढोलकी केली, क्रेनवाल्याने वरून भोंगा दिला, आणि दंडारवाला पुढे, उघड्या आवारात चपला घालून, नाचत निघाला. तो काय नाचला, काय सांगू! तोपर्यंत मी त्याला पाइप ओढताना आणि गिरक्यांची मस्करी करतानाच बघितलं होतं. खरं नाचताना त्या माणसाचे पाय जमिनीला विचारून पडत होते. वॉचमन जागा सोडून आला. साहेब आले, म्हणाले, हे काय चाललंय, आणि काकूंनी त्यांच्या हातात नारळ दिला. त्यांनी मुकाट्याने फोडला.

लाल पिंपापाशी पोचलो. मी कात्री पुढे केली, कापायला. दंडारवाला म्हणाला, "द्या मले." त्याने बूट गुडघ्यावर धरून पंजाजवळ कापायला घेतला. थिनरने कडक झालेला पीव्हीसी कडाकडा आवाज करत तुटला. आतून तो सगळा खडूसारखा पांढुरका झाला होता. तेव्हा कुठे त्याने तो भाग बोटाने चाचपला आणि म्हणाला, "अरे बापा, हे मी पायात घालून फिरून राहिलो होतो." कोणी त्याला हसलं नाही. दोन्ही बूट पिंपात गेले आणि आम्ही खोबरं खाल्लं.

नवे बूट दिवाळीच्या आधी आले. मी त्याच्या समोर तळावरचं घड्याळ वाचून दाखवलं, वाकवून दाखवलं, आणि थिनर, पेट्रोल, रॉकेल यांच्या जवळही नेणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्याने काकूंच्या गळ्याची घेतली. काकू म्हणाल्या, "माया नको बाप्पा, मॅडमच्या गळ्याची घे, त्या जास्त ओरडते."

मंडईला मी नवऱ्याला घेऊन स्कूटरने गेले. गडाखाली गावभर माणूस. लेकीबाळी नव्या साड्यांत, जिलेबीची दुकानं, आकाशपाळणा आणि चारही बाजूंनी दंडारी. भर दुपारी त्याच्या गावची रांग आली. पुढे तो. डोक्याला फेटा, पायात घुंगरांचे जाडजूड पट्टे, अनवाणी. तापलेल्या मातीवर तो इतका वेळ नाचला, की मीच दोनदा खाली बसले. मागची रांग त्याच्याकडे बघून पाऊल टाकत होती आणि तो कोणाकडेही बघत नव्हता. माझ्या शेजारी उभी असलेली बाई, ओळख ना पाळख, मला म्हणाली, "तो पुढचा कोणाचा पोरगा जी? काय पाय चालते त्याचे!" मी म्हटलं, "आमच्या कारखान्यातला आहे." एवढ्या अभिमानाने मी माझ्या स्वतःच्या मुलाचा निकालही सांगितला नव्हता.

मंडईनंतर तो कामावर आला तेव्हा पाय घासत चालत होता. मी खिडकीतून सवयीने खाली बघितलं. "मोजे काढा."

काढले. तळव्यांना टपोरे फोड, दोन फुटलेले, अंगठ्याची कातडी सोललेली. बूट कितीही चांगला असो, सोललेल्या कातडीचा माणूस अॅसिडखात्यात जात नाही, हा साधा नियम आहे. मी म्हटलं, "पाय भरेपर्यंत आवारात झाडा. संध्याकाळी सुट्टी." मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी पदर खोचून तयारच होते.

तो हसला. "झाडतो न जी. आता कायची घाई हाय मले?" आणि झाडू उचलून लंगडत, अगदी खुशीत, निघून गेला.

मी त्याच्या पाठमोऱ्या पायांकडे बघत राहिले. ते फोड त्याने स्वतः मिळवले होते. त्याला दुसऱ्या कुठल्याही फोडांची गरज नव्हती, आणि ते देण्याचा हक्कही कोणाला नव्हता.